बुटीबोरीचं काम, म्युनिकमध्ये मुक्काम: टीडीएस कुठला आणि पैसे कुठल्या खात्यात?

रेघोटी | १४ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे १२ जुलै २०२५ ला नागपूरहून म्युनिकला आले, त्याच्यासोबतच्या व्हिसावर. त्याआधीची सगळी वर्षं नागपुरातच. बुटीबोरी एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशन कारखाना मला शॉप ड्रॉइंगचं काम देतोय: स्टीलच्या टाक्या, कन्व्हेयरचे सांगाडे वगैरे. पहिलं बिल मार्चमध्ये २ लाखांचं. पुढे साधारण दर दोन महिन्यांनी तेवढंच.

कारखान्याचे अकाउंटंट काका म्हणतात, "नेहमीसारखं १९४जे मध्ये १० टक्के कापतो आणि बाकीचे तुमच्या सीताबर्डीच्या बचत खात्यात टाकतो." चुलतभाऊ म्हणतो, तू आता एनआरआय, निवासींचं १९४जे लागूच नाही, अनिवासींचं कलम १९५ लागतं. दोघांपैकी कोण बरोबर? बिलावर जीएसटी लावायचा का? आणि वेळेचं गणित कसं बसवता, तेही सांगा.

---

धरमपेठी

एनआरआय झालीस, काम जर्मनीत बसून करतेस, मग भारतात कर कसला? टीडीएस कापूच देऊ नकोस. एकदा कापला की परत मिळवताना दमछाक होते.

---

गोधनी_पॅसेंजर

यात काही कठीण नाही. आधी एलयूटी भरा म्हणजे निर्यातीवर जीएसटी लागत नाही. पैसे आले की बँकेकडून परकीय चलन मिळाल्याचा दाखला घ्या. रिटर्नमध्ये ४४एडीए, अर्धं उत्पन्न नफा म्हणून दाखवायचं, विषय संपला. माझे दोन्ही क्लायंट टेक्सासचे आहेत, सगळं असंच चालतं.

---

झणझणीत

गोधनी भाऊ, तुमची गाडी उलट्या दिशेनं निघाली ना बे. क्लायंट बुटीबोरीत हाय, ताई म्युनिकात हायेत. 😄

---

गोधनी_पॅसेंजर

हाव, खरंच की. मथळा न वाचताच लिहिलं. पण ४४एडीए लक्षात ठेवा, कुठंतरी कामी येईल.

---

हिशेबनीस

गोधनींचं ४४एडीए खरंच कामी येणार आहे, फक्त त्यांना वाटतं त्या कारणानं नाही.

रेघोटी ताई, तुमच्या प्रश्नात तीन कायदे आहेत आणि "तुम्ही राहता कुठे" या एका प्रश्नाला तिघांचं उत्तर आज वेगवेगळं येतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. आधी प्राप्तिकर बघू.

प्राप्तिकराला तुमचा व्हिसा, पत्ता, मनसुबा यांच्याशी फारसं देणंघेणं नाही, तो दिवस मोजतो. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस झाले तर तुम्ही निवासी. नाही झाले, तरी त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात तर तेव्हाही निवासी. या ६० चे १८२ करण्याची सवलत आहे, पण देश सोडण्याच्या वर्षात ती मिळते "नोकरीसाठी" बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला. केरळ उच्च न्यायालयाने त्यात स्वतःचा व्यवसायही धरलाय. पण तुम्ही गेलात जोडीदारासोबत. तुमच्या नवऱ्याला ती सवलत आहे. तुम्हालाही आहे असं म्हणणं अवघड.

आता मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे १२. झाले १०३. साठच्या वर गेलात आणि मागची चार वर्षं तर पूर्ण इथेच. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत, म्युनिकमध्ये आठ महिने काढूनही, भारताच्या प्राप्तिकरापुरत्या तुम्ही निवासी आहात. एकाच घरातला नवरा अनिवासी आणि बायको निवासी. चुलतभावाला हे पटणार नाही, पण त्याला तारखा दाखवा.

---

रेघोटी

म्हणजे अकाउंटंट काका बरोबर?

---

हिशेबनीस

मार्चच्या बिलापुरते बरोबर. त्यांनी दिवस मोजले असतील असं वाटत नाही, सवयीनं बोलले असणार. पण उत्तर बरोबर आलं.

मार्चचं बिल २ लाख. १९४जे खाली १० टक्के, म्हणजे २०,००० कापतील, १,८०,००० हातात. तुम्ही निवासी असल्यामुळे या वर्षाचं रिटर्न ४४एडीए मध्ये बसू शकतं, निम्मं म्हणजे १ लाख उत्पन्न धरलं जाईल. भारतात दुसरं काही मोठं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीतल्या ४ लाखांच्या मर्यादेखालीच आलात, कापलेले वीसच्या वीस हजार परत. फक्त जुलैनंतरचं जर्मनीतलं काही उत्पन्न असेल तर तेही या वर्षी भारतात दाखवावं लागतं, आणि दोन्ही देश तुम्हाला निवासी म्हणत असल्यामुळे भारत-जर्मनी कर कराराच्या कलम ४ प्रमाणे कायमचं घर कुठे आहे ते बघावं लागेल. तसं असेल तर रिटर्न आधी सीएला दाखवा.

१ एप्रिल २०२६ ला हेच सगळं उलटतं. त्या दिवसापासून तुम्ही भारताबाहेर राहणाऱ्या आणि इथे फक्त भेटीला येणाऱ्या नागरिक. तेव्हा ६० ची अट जाऊन १८२ लागते (भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर १२०). दिवाळीला महिनाभर नागपुरात आलात तरी अनिवासीच राहाल. मग १९४जे बाद आणि १९५ सुरू. त्याच दिवशी नवा प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतोय, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबरही बदलतील. मी इथे जुनेच नंबर लिहितोय, कारण काका तेच ओळखतात.

---

धरमपेठी

बरं, एप्रिलनंतर तरी माझं म्हणणं खरं ना? अनिवासी, काम बाहेर, कर शून्य.

---

जुमेराकर

धरमपेठींशी सहमत. मी दुबईत आहे, क्लायंट पुणे आणि नागपूरचे. माझा टीडीएस कोणीच कापत नाही. सीएचं पत्र दिलं की झालं.

---

हिशेबनीस

जुमेराकर, तुमचं चालतं कारण भारत-यूएई करारात तांत्रिक सेवांच्या शुल्काचं वेगळं कलमच नाही. जर्मनीच्या करारात आहे, कलम १२, आणि त्यात भारताला १० टक्क्यांपर्यंत कर घ्यायचा हक्क दिलाय. दुबईचं पत्र म्युनिकला चालत नाही. (तुमच्यापुरतं एक बघून ठेवा: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागू नाही, अशा नागरिकाला भारत निवासी धरतो.)

धरमपेठी, "काम कुठे बसून केलं" हा मुद्दा तांत्रिक सेवांच्या बाबतीत २०१० च्या दुरुस्तीनं पूर्वलक्षी पद्धतीनं काढून टाकलाय. पैसे देणारा भारतातला आणि सेवा त्याच्या भारतातल्या धंद्यासाठी, एवढं पुरतं. शॉप ड्रॉइंग हे तांत्रिक काम नाही असं कोणी अधिकाऱ्याला पटवून दाखवावं.

एप्रिलनंतरचं २ लाखांचं बिल दोन तऱ्हेनं कापलं जाऊ शकतं. कागद दिले नाहीत तर कायद्यातला दर २० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे २०.८ टक्के. ४१,६०० कापले, १,५८,४०० हातात. कागद दिले तर कराराचा १० टक्के, त्यावर सेस नाही. २०,००० कापले, १,८०,००० हातात. आकडा १९४जे सारखाच दिसतो म्हणून फसू नका. मार्चचे २०,००० परत मिळतात. एप्रिलचे भारतात कायमचे जातात, कारण हा कर ढोबळ रकमेवर आहे. त्यात खर्च वजा होत नाही, ४४एडीए नाही, ४ लाखांची मर्यादा नाही.

कागद दोन. जर्मन कर कार्यालयाकडून निवासी असल्याचा दाखला आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर भरलेला १०एफ फॉर्म. दाखल्यात एक मेख आहे. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२६ चा दाखला डिसेंबरपर्यंतच चालतो, जानेवारी ते मार्च २०२७ च्या बिलांना २०२७ चा वेगळा लागतो. जानेवारीच्या बिलाला जुनाच दाखला जोडला आणि नंतर तपासणीत अडकलं, हे नेहमी होतं. दोन्ही वर्षांसाठी अर्ज करा.

आणि १० टक्क्यांनी कापलं तर रिटर्न भरावंच लागतं. पूर्ण २० च्या दराने कापलं असेल तर अशा अनिवासीला रिटर्नमधून सूट आहे, कराराच्या कमी दराला ती नाही.

---

कामठीरोड

मी कारखान्याच्या बाजूनं लिहितो, कारण काका चुकले तर भुर्दंड ताईंना नाही, कारखान्याला बसतो.

एप्रिलनंतरही १९४जे मध्येच कापत राहिले, तर ती नोंद निवासींच्या विवरणात, २६क्यू मध्ये जाईल. जायला हवी २७क्यू मध्ये, अनिवासींचं विवरण तेच. निवासी माणसाचा टीडीएस चुकला तर खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो, अनिवासीचा चुकला तर अख्खा खर्च. वर महिन्याला १ टक्का व्याज, आणि कापून भरला नाही तर दीड टक्का. हे काकांना सांगून बघा, लगेच फोन घेतील.

जीएसटीचं वेगळं आहे. तिथे तुमचे १०३ दिवस कोणी विचारत नाही. सेवा देणारी जर्मनीतून देते, घेणारा बुटीबोरीत, म्हणजे सेवेची आयात. मार्चच्या बिलापासूनच. तुम्ही बिलावर जीएसटी लावायचा नाही. कारखाना रिव्हर्स चार्जमध्ये १८ टक्के, म्हणजे २ लाखांवर ३६,००० स्वतः भरेल. तेही रोखीच्या लेजरमधून, क्रेडिटमधून चालत नाही. मग त्याच रकमेचं क्रेडिट घेईल. माल विकताना जीएसटी लावतात त्यामुळे त्यांचं नुकसान नाही, पण ३६,००० काही दिवस अडकतात. भाव ठरवताना मालक हे बोलून दाखवेलच.

आणि ताई, नागपूरच्या पत्त्यावरचा जुना जीएसटी नंबर असेल तर तो या बिलावर टाकू नका. टाकलात की सेवा नागपुरातून दिली असं दिसतं, आणि प्राप्तिकरवाल्यांनाही "इथे यांची कायमची जागा आहे" म्हणायला आयतं कारण मिळतं.

---

झणझणीत

एवढी भानगड कायले? सासऱ्याच्या खात्यात टाकाले सांगा, ते गूगल पे करतीन. 😜

---

खातेपुस्तक

गमतीत म्हणालात, पण हे सर्रास चालतं. बिल एकाच्या नावाचं, पॅन तिचा, पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि पुढच्या वर्षी सासऱ्यांच्या वार्षिक माहितीपत्रकात न सांगता येणारी जमा. शिवाय ताईंना ते पैसे युरोत न्यायचे झाले तर सासऱ्यांना स्वतःच्या मर्यादेतून पाठवावे लागतील, १० लाखांच्या वर गेलं की टीसीएसही लागेल.

तिसरा कायदा फेमा, परकीय चलनाचा. फेमा दिवस मोजत बसत नाही, हेतू बघतो. अनिश्चित काळ बाहेर राहायच्या हेतूनं तुम्ही १२ जुलैला गेलात, तेव्हापासून अनिवासी. म्हणजे मार्चमध्ये तुमचा टीडीएस निवासी म्हणून कापला जाणार आणि खातं मात्र अनिवासीचं हवं. हे दोन्ही एकाच वेळी बरोबर आहे. बँकेतल्या माणसालाही हे ऐकून चक्कर येते.

सीताबर्डीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं रुपयांतलं खातं, करून घ्या. नवीन उघडायची गरज नाही, तेच बदलून मिळतं. पासपोर्ट, व्हिसाच्या पानांच्या प्रती, म्युनिकच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन. प्रती साक्षांकित लागतात, आणि बाहेरून करायचं तर कोण साक्षांकित करेल हे शाखेला ईमेलवर विचारून लेखी घ्या. दोनदा कुरियर त्याच कारणानं परत येतं. मार्चच्या बिलासाठी आजच सुरुवात करा.

भारतातल्या कामाचे रुपये एनआरई खात्यात थेट घेऊ नका. एनआरओ मधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, १५सीए हा पैसे पाठवण्याचा फॉर्म आणि गरजेप्रमाणे सीएचा १५सीबी दाखला देऊन. युरोत दर बिलाला नेऊ नका. प्रत्येक खेपेला बँकेचं शुल्क आणि दरातला फरक जातो. दोन-तीन बिलं साठवून न्या.

---

हिशेबनीस

एक भर. १५सीए हा पैसे देशाबाहेर जातानाच लागतो असं बँका धरून चालतात. कायद्यात शब्द आहेत "अनिवासी व्यक्तीला देय रक्कम". माझ्या मते एप्रिलपासून कारखान्यानं एनआरओ मध्ये रुपये टाकतानाही तो भरावा. वर्षात ५ लाखांपर्यंत भाग ए, सीएची गरज नाही. २ लाखांची बिलं असतील तर तिसऱ्या बिलाला ५ लाख ओलांडतात, तिथून १५सीबी आलाच.

---

खातेपुस्तक

इथे माझं पटत नाही. रुपयांतून रुपयांत, देशातल्या देशात एनईएफटी केली की कोणतीही बँक १५सीए विचारत नाही, आणि भरला नाही म्हणून काही झालेलं मी पाहिलं नाही.

---

हिशेबनीस

बँक विचारत नाही हे खरं. दंड मात्र बँक लावत नाही.

---

इसार_काठी

म्युनिकची बाजू. सगळ्यात आधी निवास परवान्याचं कार्ड आणि सोबतचा हिरवा कागद वाचा. जोडीदाराच्या परवान्यावर सहसा "एर्वेर्ब्सटेटिग्काइट" ला परवानगी असते, त्यात स्वतःचा व्यवसाय येतो. "बेशेफ्टिगुंग" एवढंच लिहिलं असेल तर फक्त नोकरी, मग परदेशी कार्यालयाकडून आधी बदल करून घ्या. त्यानंतर एल्स्टर या जर्मन कर पोर्टलवर कर नोंदणीची प्रश्नावली, काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत. अभियांत्रिकी पदवी असेल तर मुक्त व्यावसायिक म्हणून मागा. नुसतं ड्राफ्टिंग म्हटलं तर कर कार्यालय धंदा म्हणून धरू शकतं, मग व्यापार नोंदणीही आली.

जर्मनीत हे सगळं उत्पन्न दाखवावं लागतं. भारतात कापलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण कराराच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि त्या उत्पन्नावर जर्मन कर जेवढा बसतो त्याच्या आतच. कारखान्यानं २०.८ कापले तर वरचे १०.८ जर्मनी विचारात घेत नाही, ते भारतातच रिटर्न भरून मागायचे. जर्मन व्हॅट या बिलावर लागत नाही, घेणारा धंदा युरोपबाहेर आहे.

वेळेचं: हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, २९ मार्चपासून साडेतीन, २५ ऑक्टोबरला पुन्हा साडेचार. कारखान्याची ९ ची पाळी तुमच्या पहाटे साडेचारला लागते. प्लाझ्मा कटिंगवाल्याला प्रश्न पडतो सकाळी १० ला, तेव्हा तुम्ही झोपेत. म्हणून संध्याकाळी ६ पर्यंत ड्रॉइंग पाठवा (तिथे रात्रीचे साडेदहा), रिव्हिजन नंबर ठळक, आणि पहिल्या पानावर "हे भाग अजून कापू नका" अशी यादी. ती यादी नसेल तर जुन्या रिव्हिजनवरच प्लेट कापली जाते आणि पत्र्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून तंटा होतो. बैठक दुपारी अडीचची ठेवा, भारतीय वेळेनं, आणि कॅलेंडरमध्ये टाइमझोन `Asia/Kolkata` निवडा. बर्लिनच्या वेळेत टाकलीत तर २९ मार्चनंतर कारखान्यात ती दीड वाजता, ऐन जेवणात वाजेल.

---

झणझणीत

आणि पोळा, तान्हा पोळा टाका बरं त्या कॅलेंडरात. मारबत निघाली की नागपुरात कोणाचा फोन लागत नसतो.

---

विदर्भ_इंजिनियर

हिशेबनीस, एक शंका. त्याच करारात कलम १४ आहे ना, स्वतंत्र व्यावसायिकांचं? त्यात अभियंता येतो. भारतात कायमची जागा नाही आणि १२० दिवसांपेक्षा जास्त राहणं नाही, तर कर फक्त जर्मनीत. मग १० टक्के तरी का?

---

हिशेबनीस

चांगला प्रश्न, आणि याचं एका ओळीत उत्तर नाही. कलम १२ मधून नोकरीचा पगार स्पष्ट वगळलाय, कलम १४ वगळलेलं नाही. त्यामुळे दोन्ही कलमं एकाच बिलावर हक्क सांगतात. व्यक्तीसाठी १४ जास्त नेमकं आहे, म्हणून तेच लागू, असा युक्तिवाद करता येतो, आणि पदवीधर अभियंत्याला तो शोभतो. पण कारखान्याचा सीए शून्य टक्क्यावर सही करेल असं मला वाटत नाही, कारण चुकलं तर अख्खा खर्च नामंजूर त्याच्या पक्षकाराचा. व्यवहारात १० कापू द्या आणि रिटर्नमध्ये १४ चा दावा करायचा का ते तेव्हा ठरवा. मात्र असा दावा केलात तर जर्मनी त्या १० चं क्रेडिट देताना "भारताला हक्कच नव्हता" म्हणू शकतं. दोन्हीकडे हात मारता येणार नाही.

---

विदर्भ_इंजिनियर

मला अजूनही १४ च बरोबर वाटतं. पण सही माझी नाही.

---

रेघोटी

सगळ्यांचे आभार, वहीत चार पानं भरली. परवान्यावर "एर्वेर्ब्सटेटिग्काइट" आहे, ते बघितलं. आता एकच अडचण. काम ५ मार्चला सुरू होऊन १० एप्रिलला संपेल. काका म्हणतात एकच बिल एप्रिलमध्ये द्या. मग १९४जे की १९५?

---

कामठीरोड

एक बिल नको. टीडीएस नोंद किंवा पैसे, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. काका ३१ मार्चला खर्चाची तरतूद टाकतीलच, मग कापलं १९४जे मध्ये आणि बिल एप्रिलचं, सगळा घोळ. ३१ मार्चपर्यंत दिलेल्या ड्रॉइंगचं बिल मार्चच्या तारखेनं, ड्रॉइंग नंबरांची यादी जोडून. उरलेल्याचं एप्रिलमध्ये वेगळं, दाखला आणि १०एफ जोडून. मार्चच्या टीडीएसला काकांना ३० एप्रिलपर्यंत वेळ आहे, एप्रिलच्याला ७ मे.

---

हिशेबनीस

+१. पहिलं बिल एनआरओ मध्ये, १९४जे. दुसरंही एनआरओ मध्ये, १९५. आणि करारपत्रात "हातात २ लाख" असं लिहून घेऊ नका. तसं लिहिलं तर एप्रिलनंतर काकांना २,२२,२२२ धरून त्याचा १० टक्के भरावा लागेल, आणि ते कळल्यावर मालक पुढचं काम हिंगण्याच्या कुणाला तरी देईल.

---

रेघोटी

काकांना आत्ताच फोन केला. पहिला प्रश्न: "बाई, तो जर्मन दाखला मराठीत मिळतो का?"